एका ड्युटेरियमने सहापट मंदावलेली अभिक्रिया

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि क्रोमिक आम्ल यांची अभिक्रिया रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने कधी ना कधी पाहिलेली असते. नारिंगी द्रावणात अल्कोहोल घातलं की रंग हळूहळू मळकट होत जातो आणि शेवटी हिरवट-निळसर होतो. सहा संयुजेचं क्रोमियम तीन संयुजेवर येतं आणि अल्कोहोलचं ॲसिटोन होतं. कॉलेजात ही अभिक्रिया एका ओळीत शिकवून पुढे जातात. पण १९४९ साली फ्रँक वेस्टहायमर आणि निकोलस निकोलाइडीस यांनी याच अभिक्रियेत एक छोटा बदल करून पाहिला. अल्कोहोलच्या मधल्या कार्बनवर एकच हायड्रोजन असतो. तेवढा एक अणू त्यांनी ड्युटेरियमचा घेतला. बाकी रेणू जसाच्या तसा. अभिक्रियेचा वेग साधारण एक षष्ठांशावर आला.

ड्युटेरियम म्हणजे काही वेगळं मूलद्रव्य नव्हे. तो हायड्रोजनच आहे, फक्त केंद्रकात एक न्यूट्रॉन जास्त. इलेक्ट्रॉन तितकाच, केंद्रकावरचा धनभार तितकाच. बंध जुळणं आणि तुटणं हा सगळा इलेक्ट्रॉनांचा कारभार, आणि न्यूट्रॉनला तर विद्युतभारच नाही. मग त्याच्या येण्याने वेगात सहापट फरक का पडावा? या प्रकरणात मला हाच प्रश्न सावकाश सोडवायचा आहे, कारण त्याची दोन चुकीची उत्तरं इतकी सहज सुचतात की बरेच जण त्यांवरच थांबतात.

पहिलं चुकीचं उत्तर: ड्युटेरियम जड, म्हणून तो हलतो हळू, म्हणून बंध हळू तुटतो. यात थोडं तथ्य आहे, पण हिशेब करून बघा. कंपनाचा वेग वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. ड्युटेरियम दुप्पट जड आहे, म्हणजे फरक फार तर दोनाच्या वर्गमुळाइतका, १.४१ पट. शिवाय तापमान कितीही असलं तरी हा आकडा तोच राहायला हवा. प्रयोगात मिळतो तो सहाच्या आसपासचा आकडा, आणि तो तापमान वाढवलं की घसरतो. तेव्हा एवढ्या कारणाने भागत नाही.

दुसरं चुकीचं उत्तर जास्त फसवं आहे: C–D बंध C–H बंधापेक्षा मजबूत, म्हणून तोडायला जड. हे वाक्य पाठ्यपुस्तकांतही सापडतं आणि एका अर्थाने ते खरं आहे. पण ऐकणाऱ्याच्या मनात चित्र उमटतं ते जाड, ताठ स्प्रिंगचं, आणि ते चित्र साफ चूक आहे. दोन्ही बंधांची स्प्रिंग एकच आहे. अणू एकमेकांपासून किती लांब गेले की ऊर्जा किती वाढते, हे ठरवतात इलेक्ट्रॉन आणि केंद्रकांचे विद्युतभार. न्यूट्रॉनचा त्यात काहीच वाटा नाही. C–H आणि C–D यांचा ऊर्जेचा आलेख एकावर एक ठेवला तर तंतोतंत जुळतो. विहीर तीच आणि तिची खोलीही तीच. वेगळं आहे ते त्या विहिरीत रेणू कुठल्या पातळीवर बसलेला असतो, एवढंच.

विहिरीच्या तळाला कुणीच बसत नाही

वाडग्यात गोटी टाकली तर ती घरंगळत राहते आणि शेवटी तळाशी स्थिर होते. बंधाचं तसं नाही. अगदी निरपेक्ष शून्य तापमानालाही बंधाचं कंपन थांबत नाही. अणू तळाच्या बिंदूवर निश्चल बसला, तर त्याची जागा आणि त्याचा संवेग दोन्ही एकाच वेळी अचूक ठरतील, आणि क्वांटम नियमांत ते बसत नाही. म्हणून सर्वांत खालच्या अवस्थेतही बंधाकडे थोडी ऊर्जा उरतेच, जी कुणालाही काढून घेता येत नाही. तिला शून्यबिंदू ऊर्जा म्हणतात. साध्या स्प्रिंगसारख्या कंपनासाठी ती E₀ = ½hν, म्हणजे कंपनाच्या वारंवारतेच्या प्रमाणात.

वस्तुमान शिरतं ते इथून. स्प्रिंग तीच, पण तिच्या टोकाला जड अणू बांधला तर ती सावकाश कंपन पावते. वारंवारता कमी झाली की शून्यबिंदू ऊर्जाही कमी. म्हणजे हायड्रोजन विहिरीत जरा वर तरंगतो आणि ड्युटेरियम जरा खाली बसतो. विहिरीचा काठ दोघांना सारखाच आहे. खाली बसलेल्याला काठावर यायला जास्त चढावं लागतं, इतकंच.

हे नुसतं कल्पनेतलं चित्र नाही, याचा पुरावा सर्वांत साध्या रेणूत दिसतो. साध्या हायड्रोजनचा रेणू, H₂, तोडायला मोलमागे सुमारे ४३६ किलोज्यूल लागतात. दोन्ही अणू ड्युटेरियमचे असलेल्या D₂ ला सुमारे ४४३.५ लागतात. साडेसात किलोज्यूलचा हा फरक जवळजवळ संपूर्ण शून्यबिंदू ऊर्जेचा आहे. ‘C–D बंध मजबूत’ म्हणतात ते या अर्थाने: चढ जास्त आहे, कारण सुरुवात खालून आहे.

आकडे मांडून

आता आपल्या अल्कोहोलकडे येऊ. इन्फ्रारेड वर्णपटात C–H बंधाच्या ताणाचं कंपन साधारण २९०० प्रति सेंटिमीटरला दिसतं. स्पेक्ट्रोस्कोपीत वारंवारता याच एककात मोजतात आणि ते ऊर्जेचं माप म्हणूनही चालतं. ड्युटेरियम घातल्यावर हे कंपन कुठे सरकेल ते काढता येतं. बंधात दोन अणू एकमेकांविरुद्ध हलतात, म्हणून दोघांचं मिळून एक वस्तुमान धरतात: गुणाकार भागिले बेरीज. C–H साठी १२ × १ भागिले १३, म्हणजे ०.९२३. C–D साठी १२ × २ भागिले १४, म्हणजे १.७१४. दोहोंच्या गुणोत्तराचं वर्गमूळ १.३६ येतं. २९०० ला त्याने भागलं की सुमारे २१३०. प्रत्यक्ष वर्णपटातही C–D ची रेषा २१०० ते २२०० च्या पट्ट्यात सापडते, म्हणजे स्प्रिंग एकच असल्याचं गृहीतक तिथेच तपासून होतं.

फरक ७७० चा. शून्यबिंदू ऊर्जा वारंवारतेच्या निम्मी, म्हणून पातळ्यांमधला फरक ३८५ प्रति सेंटिमीटर, मोलच्या भाषेत ४.६ किलोज्यूल. ४.६ हा आकडा तसा किरकोळ वाटतो. पूर्ण C–H बंध तोडायला चारशेच्या आसपास किलोज्यूल लागतात, त्यापुढे हे एक टक्क्याच्या जवळपास. पण वेगाचं गणित सरळ प्रमाणात चालत नाही, ते घातांकात चालतं. कोणत्याही क्षणी किती रेणूंकडे चढ पार करण्याइतकी ऊर्जा आहे, हे चढाच्या उंचीला RT ने, म्हणजे वायू-स्थिरांक गुणिले निरपेक्ष तापमान याने, भागून ठरतं, आणि २५ अंश सेल्सियसला RT फक्त २.४८ किलोज्यूल असतो. ४.६ म्हणजे त्याच्या जवळजवळ दुप्पट. साध्या अल्कोहोलचा वेग kH आणि ड्युटेरियमवाल्याचा kD धरला, तर सूत्र असं:

kH/kD ≈ exp(ΔE₀/RT) = exp(४.६/२.४८) ≈ ६.४

एका न्यूट्रॉनमुळे आलेली चार-साडेचार किलोज्यूलची तफावत घातांकात बसली की वेगात सहापट फरक होतो. वेस्टहायमर आणि निकोलाइडीस यांना दिसलेला आकडा याच घरातला आहे.

तापमानाची चाचणीही याच सूत्रातून निघते. ६० अंशाला RT २.७७ होतो, आणि गुणोत्तर ५.३ वर येतं. शंभर अंशाला ४.४. वस्तुमान आणि वेग यांचं साधं कारण खरं असतं तर हे आकडे हलायलाच नको होते. ते खाली येतात, कारण उष्णता वाढली की चढातला तोच फरक तुलनेने क्षुल्लक होत जातो.

एक गोष्ट गृहीत धरली होती

वरच्या हिशेबात मी एक गोष्ट बोललो नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. विहिरीत H वर आणि D खाली, हे ठीक. पण चढाच्या माथ्यावर, म्हणजे ट्रान्झिशन स्टेटमध्ये, दोघं एकाच पातळीवर असतात हे कशावरून? तिथेही H चार-साडेचार किलोज्यूल वर असता, तर दोघांचा चढ सारखाच झाला असता आणि वेगात फरक पडलाच नसता.

उत्तर असं की, जे कंपन बंध तोडतं ते माथ्यावर कंपन म्हणून शिल्लकच राहत नाही. विहिरीत C आणि H एकमेकांपासून दूर जातात आणि स्प्रिंग त्यांना परत ओढते. माथ्यावर परत ओढणारी शक्तीच नसते. तिथे त्या दिशेने सरकणं म्हणजे पलीकडे उतरून जाणं. ज्या हालचालीला परत येणं नाही, तिला वारंवारता नाही, आणि वारंवारता नाही म्हणून शून्यबिंदू ऊर्जाही नाही. H आणि D मधला पातळीचा फरक ज्या कंपनाने निर्माण केला होता, तेच कंपन माथ्यावर विरून जातं. म्हणून सुरुवातीचा फरक तिथे मिटतो आणि चढाच्या उंचीत जमा होतो.

यावरून एक अगदी उपयोगी गोष्ट हाती येते. रेणूत जो बंध तुटत नाही, तिथे ड्युटेरियम घातलं तर काय होईल? त्याही बंधाची शून्यबिंदू ऊर्जा कमी होईल, पण तो बंध माथ्यावरही जवळपास तसाच असेल आणि तितकीच कमी ऊर्जा तिथेही राहील. दोन्ही टोकांना सारखीच घट, म्हणून चढ तोच. वेस्टहायमर यांनी पुढे मोर्डेकाय कोहेन यांच्यासोबत हेही तपासलं. या वेळी मधला हायड्रोजन साधाच ठेवला आणि दोन्ही कडेच्या मिथाइल गटांतले सहाच्या सहा हायड्रोजन ड्युटेरियमचे केले. एकाऐवजी सहा ड्युटेरियम असूनही वेग साध्या अल्कोहोलच्या जवळपासच राहिला. रेणू जड झाल्यामुळे अभिक्रिया मंदावते, ही समजूत इथे पार निकालात निघते. किती ड्युटेरियम आहेत हा मुद्दाच नाही, ते कुठे आहेत हा आहे.

यातून काय सिद्ध झालं

सहाच्या आकड्याला त्या काळी महत्त्व आलं ते अभिक्रियेच्या पायऱ्यांमुळे. अल्कोहोल आणि क्रोमिक आम्ल एकत्र आले की आधी अल्कोहोलचा ऑक्सिजन क्रोमियमला जोडला जातो आणि क्रोमेट एस्टर तयार होतं. ही पायरी जलद आहे आणि उलटही फिरते. पुढच्या पायरीत मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन सुटतो, ऑक्सिजन आणि क्रोमियममधला बंध तुटतो, इलेक्ट्रॉनांची जोडी क्रोमियमकडे जाते आणि कार्बन-ऑक्सिजनमध्ये दुहेरी बंध होऊन ॲसिटोन सुटतं. वेग ठरवणारी पायरी कोणती, हा वाद होता.

एकूण वेग सर्वांत अवघड माथ्यावर ठरतो. C–H बंध त्या माथ्यावर तुटत असेल तरच ड्युटेरियमचा फरक वेगात दिसेल. तो आधी किंवा नंतर कुठेतरी सहज तुटत असेल, तर ड्युटेरियम असला काय आणि नसला काय. सहापट फरक दिसला, म्हणजे C–H बंध वेग ठरवणाऱ्या पायरीतच तुटतो. मधले रेणू क्षणभरही वेगळे काढता येत नसताना, नुसत्या घड्याळावरून एवढं ठामपणे म्हणता आलं.

याच्या अगदी उलट निकाल १९५० साली लार्स मेलांडर यांना मिळाला. बेंझीनच्या कड्यावर नायट्रो गट बसतो तेव्हा कड्यावरचा एक हायड्रोजन निघून जातो, म्हणजे C–H बंध तुटतो हे नक्की. त्यांनी त्या जागी आणखी जड असलेला ट्रिटियम घालून पाहिला. फरक पडला नाही. म्हणजे तिथे बंध तुटतो, पण अवघड माथा ओलांडून झाल्यावर. नायट्रो गट कड्याला चिकटणं हे कष्टाचं काम, आणि हायड्रोजन निघून जाणं नंतरचं सोपं काम. परिणाम न दिसणं हीदेखील तितकीच पक्की साक्ष असते, हे या दोन प्रयोगांना शेजारी ठेवलं की कळतं.

प्रयोग करताना

हे मोजमाप करायचं तर कसं, आणि ते कुठे बिघडतं, हे सांगितल्याशिवाय प्रकरण पुरं होत नाही.

ड्युटेरियमवालं अल्कोहोल आज सोडियम बोरोड्युटेराइडने, म्हणजे NaBD₄ ने, ॲसिटोन क्षपित करून करता येतं. ड्युटेरियम नेमका मधल्या कार्बनवर जाऊन बसतो. ऑक्सिजनवरच्या हायड्रोजनची काळजी करण्याचं कारण नाही. तो पाण्याशी सतत अदलाबदल करत असतो, आणि द्रावण साध्या पाण्यातलं असलं की दोन्ही अल्कोहोलांत तो साधाच राहतो. म्हणूनच इथे जड पाणी वापरायचं नाही. ते वापरलं तर आम्लाच्या सगळ्या समतोलांत ढवळाढवळ होते आणि मोजतोय ते एका बंधाचं की अख्ख्या द्रावणाचं, हे कळेनासं होतं.

मग एक समजुतीपुरतं मोजमाप घेऊ. क्रोमियमची संहती ०.०००५ मोलर, अल्कोहोल ०.१ मोलर, आणि पुरेसं पर्क्लोरिक आम्ल. अल्कोहोल दोनशेपट असल्यामुळे अभिक्रिया संपेपर्यंत ते जवळपास तेवढंच राहतं, आणि फक्त क्रोमियम घटताना दिसतं. क्युव्हेट स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये ठेवून ३५० नॅनोमीटरला शोषण बघत राहायचं. सुरुवातीला ते ०.८ च्या जवळ असतं आणि दर ठरावीक काळाने निम्मं होत जातं. समजा २५ अंशाला साध्या अल्कोहोलसाठी निम्मं व्हायला १० मिनिटं लागली आणि ड्युटेरियमवाल्यासाठी ६२. गुणोत्तर ६.२ आलं.

इथे वहीत आकडा लिहून उठायचा मोह होतो. पण बाटलीतलं ड्युटेरियमवालं अल्कोहोल किती शुद्ध आहे? समजा एनएमआरमध्ये दिसलं की शंभरातल्या दोन रेणूंच्या मधल्या कार्बनवर साधा हायड्रोजनच आहे. दोन टक्के म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण ते दोन टक्के सहा-सातपट वेगाने क्रोमियम खातात. १० मिनिटांच्या अर्धायुष्याचा वेगांक मिनिटाला ०.०६९३, त्याचे दोन टक्के ०.००१४. ६२ मिनिटांवरून मिळालेला एकूण वेगांक ०.०११२. त्यातून हे वजा केलं की ०.००९८ उरतो, आणि तो अठ्ठ्याण्णव टक्के रेणूंचा, म्हणून खरा वेगांक ०.०१००. गुणोत्तर ६.२ नव्हे, ६.९. दोन टक्के भेसळीने उत्तर दहा टक्क्यांनी खाली ओढलं होतं. ही चूक नेहमी एकाच बाजूला जाते, परिणाम आहे त्यापेक्षा लहान दाखवते, आणि प्रयोग कितीही वेळा केला तरी सरासरीत ती मिटत नाही. आलेखाकडे बघूनही ती कळत नाही, कारण अल्कोहोल भरपूर असल्यामुळे रेष सरळच येते. ती फक्त नमुन्याचा एनएमआर काढला तरच सापडते.

दुसरी चूक आम्लाची. वेस्टहायमर आणि आरन नोव्हिक यांनी १९४३ सालीच दाखवलं होतं की या अभिक्रियेच्या वेगात आम्लाचं एक पद पहिल्या घाताचं आणि एक वर्गाचं असतं. वर्गाचं पद मोठं असेल तर आम्लात पाच टक्के चूक म्हणजे वेगात दहा टक्के. म्हणून दोन्ही अल्कोहोलांसाठी आम्ल एकाच बाटलीतलं, एकाच पिपेटने घेतलेलं आणि एकाच दिवशी वापरलेलं हवं. तापमानाचंही तेच, दोन्ही क्युव्हेट एकाच पाण्याच्या बाथवर. मला विचाराल तर उपकरण कितीही भारी असो, या प्रयोगाचा खरेपणा या दोन बारीक सवयींवर उभा असतो.

आकडा काय सांगत नाही

६.४ चा हिशेब आणि ६.९ चं मोजमाप जवळ आले म्हणून फार खूश होऊ नये. हिशेबात आपण एकच कंपन घेतलं, ताणाचं. C–H बंध वाकतोही, आणि वाकण्याचं कंपन १४०० च्या आसपास असतं. माथ्यावर तेही सैल झालं तर फरक वाढतो. दुसऱ्या बाजूने माथ्यावर काही शून्यबिंदू ऊर्जा शिल्लकही राहू शकते. हायड्रोजन एका अणूकडून दुसऱ्याकडे जात असतो तेव्हा तिघांची रांग लागते: देणारा, हायड्रोजन, घेणारा. या रांगेचं एक कंपन असं असतं की कडेचे दोघं एकदम बाहेर जातात आणि एकदम आत येतात. हायड्रोजन अगदी मधोमध असेल तर या हालचालीत तो जागचा हलतच नाही, मग तिथे H आहे की D याने काही बिघडत नाही आणि सुरुवातीचा सगळा फरक वेगात उतरतो. हायड्रोजन कुणा एकाच्या जवळ असेल तर तो या कंपनात सामील होतो, माथ्यावरही H जरा वर आणि D जरा खाली राहतो आणि गुणोत्तर कमी भरतं. वेस्टहायमर यांनी १९६१ मध्ये हा विचार नीट मांडला. म्हणून C–H वेग ठरवणाऱ्या पायरीत तुटत असूनही गुणोत्तर दोन किंवा तीन आलं, तर त्यात काही गफलत झाली असं समजायचं कारण नाही. हायड्रोजन माथ्यावर एका बाजूला झुकलेला आहे, असा त्याचा अर्थ असू शकतो.

सातच्या बराच वर गेलेला आकडाही असाच विचारात पाडणारा असतो. सोयाबीनमधल्या लिपॉक्सिजनेज या एन्झाइममध्ये साध्या तापमानाला हे गुणोत्तर ऐंशीच्या घरात जातं. शून्यबिंदू ऊर्जेच्या फरकातून इतकं निघूच शकत नाही. तिथे हायड्रोजन चढ चढून पलीकडे जात नाही, तर चढाच्या आरपार जातो. टनेलिंग म्हणतात ते हेच. हलका कण त्यात कितीतरी सरस ठरतो, आणि दुप्पट जड ड्युटेरियम फार मागे पडतो.

आणि हायड्रोजन नेमका कुणाकडे जातो? क्रोमेट एस्टरमध्ये तो पाण्याच्या रेणूने उचलला की क्रोमियमला जोडलेल्या ऑक्सिजनने, यावर पुढे बराच ऊहापोह झाला. एकटा सहाचा आकडा याचा निवाडा करत नाही. बंध अवघड माथ्यावर तुटतो, इतकंच तो सांगतो. सुटलेल्या अणूला कुणी घेतलं, हे त्याला विचारूच नये.

या प्रकरणातला मला सर्वांत आवडणारा भाग शेवटी ठेवला आहे. १९६२ मध्ये वेस्टहायमर, एशेनमोझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच अभिक्रिया एका ट्रायटर्पीन अल्कोहोलवर करून पाहिली. हा रेणू असा की त्यातल्या अल्कोहोल गटाभोवती शेजारच्या मिथाइल गटांची दाटी आहे. त्या जागी ड्युटेरियम घातला, क्रोमिक आम्लाशी अभिक्रिया केली, वेग मोजला. ऑक्सिडेशन तेच, तुटणारा बंधही तोच C–H. पण गुणोत्तर जवळपास एक आलं. फरक नाहीसा झाला होता.

कारण इथे अवघड माथाच दुसरीकडे सरकला होता. साध्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये क्रोमियम सहज येऊन ऑक्सिजनला जोडला जातो, आणि मग हायड्रोजन सुटायला वेळ लागतो. या दाटीच्या रेणूत क्रोमियमला ऑक्सिजनपर्यंत पोचणंच कठीण जातं. पण एकदा का एस्टर तयार झालं, की त्याला त्या दाटीत राहणंच नकोसं असतं. बंध तुटून कार्बन सपाट झाला की दाटी सैल होते, म्हणून एस्टर लगेच मोडतं. C–D बंध इथेही C–H पेक्षा सावकाशच तुटतो, पण त्या पायरीसाठी कुणी थांबलेलंच नसतं. एस्टर बनेपर्यंतचा वेळ हाच सगळा वेळ, आणि एस्टर बनताना मधल्या कार्बनवरचा अणू हायड्रोजन आहे की ड्युटेरियम, याने काहीच अडत नाही.